सेन्सिबल की सेन्सिटिव्ह, इकॉनॉमिक की इकॉनॉमिकल? गावाकडून इंग्रजी मेल पाठवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा पत्रव्यवहार मी पाहतो. कापूस, तूर आणि हंगामात थोडा संत्रा असा आमचा माल. खरेदीदार मुंबई, कोइमतूर, कधी बांगलादेश असे कुठलेही असतात, त्यामुळे मेल इंग्रजीतच लिहावे लागतात. आसपासच्या कंपन्यांतली पोरं मेल पाठवण्याआधी मला फोन करतात आणि दहातले सात प्रश्न एकाच जातीचे असतात, दिसायला भावंडं असलेल्या विशेषणांचे. तेच प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत.

मोबाइल चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो. मग हे शब्द का सुटतात?

कारण शब्द चुकलेला नसतो, जागा चुकलेली असते. सेन्सिबल हा खरा शब्द आहे आणि सेन्सिटिव्हही. दोन्हींचं स्पेलिंग बरोबर असलं की साधी तपासणी गप्प बसते. वर कीबोर्डच खोड्या करतो. ‘सेन्सि’ इतकी अक्षरं टाइप केली की वरच्या पट्टीत दोन-तीन शब्द उगवतात आणि ट्रॅक्टरवर बसून मेल लिहिणारा माणूस अंगठ्याजवळचा शब्द दाबून मोकळा होतो. ‘इकॉनॉमि’ आणि ‘हिस्टॉरि’चंही तसंच.

या चुका मुळात होतात कशामुळे?

दोन वेगळ्या कारणांनी. ती वेगळी ठेवली नाहीत तर उपाय सापडत नाही, म्हणून हे नीट पाहा.

पहिलं कारण कानाचं. सेन्सिबल म्हणजे समंजस, शहाणपणाचा. सेन्सिटिव्ह म्हणजे संवेदनशील, चटकन परिणाम होणारा. मराठीत हे दोन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. ‘माझा मुलगा संवेदनशील आहे’ आणि ‘माझा मुलगा समंजस आहे’ यातला फरक शेतातल्या बाईलाही माहीत आहे. घोटाळा फक्त इंग्रजी उच्चार सारखे असल्यामुळे होतो. अशा जोडीचा उपाय सोपा आहे: वाक्य मनात मराठीत म्हणा, कोणता मराठी शब्द आला ते पाहा आणि त्याचा इंग्रजी जोडीदार उचला.

दुसरं कारण आपल्या भाषेचं. मराठीत ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याच्या जागी हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल असे दोन. ‘आर्थिक’ही एकच, तिकडे इकॉनॉमिक आणि फायनान्शियल. इथे मनात मराठी म्हणून काही उपयोग नाही, मराठी एकाच शब्दावर थांबते. अशा वेळी ‘ऐतिहासिक’ हा शब्दच बाजूला ठेवून त्याची फोड करावी लागते. ती कशी करायची ते पुढे येईलच.

सेन्सिबल आणि सेन्सिटिव्हची अदलाबदल झाली तर खरेदीदाराला समजतंच ना? इतकं काय बिघडतं?

बहुतेक वेळा समजतं. माझ्या बाबतीत एकदा समजलं नाही, म्हणजे उलटं समजलं.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी दव असतं, वेचलेला कापूस बंडीत पडून राहतो आणि जिनिंगच्या फाटकावर मीटर लावला की ओलावा जास्त दाखवतो. ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, त्यावर जितका टक्का जास्त तितकं वजन कापायचं, असा त्या खरेदीदाराशी बोलण्यातला हिशेब. पण सकाळचा आणि दुपारचा मीटर वेगळा दाखवतो ही आमच्या कास्तकारांची जुनी तक्रार. म्हणून गाडी निघण्याआधी मी मेल केला की कपातीच्या बाबतीत जरा जपून घ्या, आमची माणसं या विषयावर हळवी आहेत. इंग्रजीत लिहिलं, ‘अवर मेंबर्स आर व्हेरी सेन्सिबल अबाउट मॉइश्चर डिडक्शन.’

समोरच्याने ते जसं लिहिलं तसंच वाचलं: आमचे सभासद ओलाव्याच्या कपातीबाबत फार समंजस आहेत. म्हणजे कपात झाली तर कटकट करणार नाहीत. माल होता ६० क्विंटल, मीटरने दाखवलं १० टक्के. त्याने २ टक्के कापले, १ क्विंटल २० किलो. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला होता, म्हणजे ८,४०० रुपये गेले. मी फोन केला तर त्याने शांतपणे माझाच मेल वाचून दाखवला. दुपारी पुन्हा मीटर लावा, एवढंच मला सांगायचं होतं. त्या एका शब्दामुळे मी कपातीला आधीच होकार देऊन बसलो होतो. एक म्हातारे संचालक मला म्हणाले, “काऊन बे, तू आमाले शहानं म्हनून विकलं का?”

आमचे सभासद शहाणे आहेतच, पण मेलमध्ये ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग तिथे ‘सेन्सिटिव्ह अबाउट’ लिहिलं असतं तर चाललं असतं?

शब्द बरोबर झाला असता, सूर मात्र थोडा चुकला असता. इंग्रजीत माणसाला ‘सेन्सिटिव्ह अबाउट’ म्हटलं की ‘त्या विषयावर लगेच चिडतो, मनाला लावून घेतो’ असा वास येतो. एखादा माणूस टकलाबद्दल सेन्सिटिव्ह असतो, तसं. व्यापाऱ्याला आपल्या सभासदांबद्दल हे सांगायचं नसतं.

मी आता तो भार माणसावरून काढून विषयावर ठेवतो: ‘मॉइश्चर डिडक्शन इज अ सेन्सिटिव्ह इश्यू फॉर अवर मेंबर्स.’ कपात हा आमच्याकडे नाजूक विषय आहे. यात कोणी चिडकं ठरत नाही आणि वाचणारा सावध होतो. त्याच्या पुढच्याच वाक्यात काय हवं ते सरळ लिहितो: ‘प्लीज टेक अ सेकंड रीडिंग आफ्टर नून.’ खरं म्हणजे काम हे दुसरं वाक्यच करतं.

वस्तूबद्दल लिहिताना ‘सेन्सिटिव्ह टू’ येतं. संत्रा उष्णतेला सेन्सिटिव्ह, तूरडाळ दमटपणाला सेन्सिटिव्ह. गिऱ्हाईक भावाकडे पाहून माल घेतं किंवा सोडतं हे सांगायला ‘प्राइस-सेन्सिटिव्ह’ असा जोडशब्द व्यापारात रूढ आहे, तो बिनधास्त वापरा. आणि सभासदांचे खाते क्रमांक, आधार क्रमांक असलेली यादी म्हणजे ‘सेन्सिटिव्ह इन्फर्मेशन’. तिला कोणी सेन्सिबल इन्फर्मेशन म्हटलं तर ती शहाणी माहिती होते.

सेन्सिबल मेलमध्ये कधी लिहायचं?

निर्णय, सूचना, तडजोड यांच्यासोबत. ‘अ सेन्सिबल सजेशन’, ‘अ सेन्सिबल कॉम्प्रमाइज’. समोरच्याने सुचवलेला मार्ग पटला तर असं लिहिलेलं त्याला आवडतं. फक्त ‘प्लीज बी सेन्सिबल’ असं कोणाला लिहू नका. ते ‘जरा अक्कल वापरा’ असं ऐकू येतं.

शीतगृहवाल्याच्या कोटेशनमध्ये ‘सेन्सिबल हीट’ असं लिहून आलं आहे. त्याचीही चूक झाली का?

नाही, आणि हे त्याला कळवायला जाऊ नका. वरुडकडच्या एका पोराने संत्र्याच्या प्रीकूलिंगच्या कोटेशनवर लाल पेनाने ‘सेन्सिटिव्ह’ करून परत पाठवलं होतं.

‘सेन्सिबल हीट’ हा भौतिकशास्त्रातला पक्का शब्द आहे. पदार्थाला उष्णता दिली किंवा काढून घेतली आणि त्याचं तापमान बदललं, तर ती सेन्सिबल हीट. थर्मामीटरला ती जाणवते, म्हणून ते नाव. पाण्याची वाफ होताना किंवा बर्फ वितळताना उष्णता खर्च होते पण तापमान हलत नाही, ती लेटंट हीट. शाळेच्या पुस्तकात आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. ३५ अंशांचा संत्रा ८ अंशांवर आणायला किती उष्णता ओढावी लागेल, हा कोटेशनमधला सेन्सिबल हीटचा आकडा. दार उघडल्यावर आत येणाऱ्या हवेतला दमटपणा पाणी होऊन जमतो, त्याचा आकडा लेटंटमध्ये.

जुन्या इंग्रजीत सेन्सिबलचा अर्थ ‘जाणवणारा’ असाही होता, तोच इथे टिकून राहिला. फ्रेंचमध्ये तर आजही याच स्पेलिंगच्या शब्दाचा अर्थ संवेदनशील असाच आहे. म्हणजे हा घोटाळा आपल्याच नशिबी आहे असं नाही, फ्रान्सचा माणूस इंग्रजी लिहिताना हमखास तिथेच पडतो.

आम्ही पुरवठादाराला ‘प्लीज कोट इकॉनॉमिक रेट’ लिहितो. बरोबर आहे का?

तुम्हाला स्वस्त दर हवा असेल तर नाही. उलट तुम्ही त्याच्याच बाजूने बोलता.

यातली गंमत आपल्या ‘परवडणे’ या शब्दातून चांगली कळते. बाजार समितीत कास्तकार म्हणतो, “या भावात परवडत नाही,” आणि घेणाराही म्हणतो, “या भावात परवडत नाही.” शब्द एक, खिसे दोन. इंग्रजीने हे दोन खिसे वेगळे केले आहेत. व्यवहाराच्या भाषेत इकॉनॉमिक रेट किंवा इकॉनॉमिक प्राइस म्हणजे विकणाऱ्याचा खर्च निघून त्याला धंदा करणं परवडेल असा दर. इकॉनॉमिकल म्हणजे वापरणाऱ्याचे पैसे वाचवणारं, आपल्या शब्दात किफायतशीर.

आम्ही संत्र्यासाठी पुठ्ठ्याची ५,००० खोकी मागवली तेव्हाचं उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते धरू. त्याचा खर्च खोक्यामागे ३८ रुपये आणि त्याने ४४ सांगितले. आम्ही लिहिलं, इकॉनॉमिक रेट द्या. त्याचं उत्तर आलं की ४४ हाच आमचा इकॉनॉमिक रेट आहे, त्याखाली आम्हाला परवडत नाही. शब्दाला धरून पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं. मग मी लिहिलं की पाच थरांऐवजी तीन थरांचं खोकं जवळच्या बाजारासाठी चालेल का, ‘वुइ आर लुकिंग फॉर अ मोअर इकॉनॉमिकल ऑप्शन’. आता त्याला कळलं की आम्हाला कमी खर्चाचा पर्याय हवा आहे आणि बोलणं खोक्याच्या जाडीवर आलं. नुसता दर कमी करून हवा असेल तर इकॉनॉमिकलही लागत नाही, ‘युवर बेस्ट प्राइस’ पुरतं.

इकॉनॉमिकल आणि चीप यात काय निवडू?

इकॉनॉमिकल. चीप म्हटलं की दर्जाही हलका असल्याची शंका येते. ट्रक अर्धा रिकामा पाठवण्यापेक्षा १०० गाठी जमेपर्यंत थांबणं इकॉनॉमिकल असतं, त्यात चीप असं काही नाही.

आर्थिक वर्षाला ‘इकॉनॉमिक इयर’ लिहिलं तर?

वाचणारा थबकेल. ते फायनान्शियल इयर, १ एप्रिल ते ३१ मार्च. मराठीत एकच ‘आर्थिक’ असल्यामुळे ही चूक फार पसरलेली आहे आणि इंग्रजी बरं असलेली माणसंही ती करतात.

फोड अशी करा. पैसा मोजता येतो का, कुठल्या खात्यात, पावतीवर, ताळेबंदात दिसतो का? मग फायनान्शियल. देशाचं, जिल्ह्याचं, घराचं उत्पन्न आणि कमाई-खर्चाची घडी याबद्दल बोलणं असेल तर इकॉनॉमिक. सरकारची आर्थिक पाहणी असते ती इकॉनॉमिक सर्व्हे, कारण ती अर्थव्यवस्थेची पाहणी असते. पण आर्थिक वर्ष हिशेबाचं, म्हणून फायनान्शियल. सभासदाला बियाण्यासाठी दिलेली आर्थिक मदत फायनान्शियल असिस्टन्स. पाऊस गेल्यामुळे तालुक्याची झालेली आर्थिक ओढाताण इकॉनॉमिक डिस्ट्रेस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला तर घरोघरी आहे, त्यावर इंग्रजीत इकॉनॉमिकली छापलेलं असतं. पुढच्या वेळी अडलात तर तो दाखला डोळ्यांपुढे आणा.

कापसाच्या मेलमध्ये एक जास्तीची काळजी घ्या. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजतात. ‘गेल्या वर्षी’ म्हणताना फायनान्शियल इयर म्हणायचं आहे की कॉटन सीझन, ते स्पष्ट लिहा. विशेषण बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत ते बहुतेक याच जागी.

खरेदीदाराने ‘हिस्टॉरिकल डेटा’ मागितला आहे. आमच्या कंपनीला तर पाचच वर्षं झाली. काय पाठवू?

मागच्या हंगामांचे आकडे पाठवा. याच मेलवर आमच्या बैठकीत अर्धा तास गेला होता. एक संचालक म्हणाले, “थे लोक आपल्या गावाचा इतिहास कायले मागून राह्यले?” दुसऱ्यांना वाटलं कंपनीच्या स्थापनेचे फोटो हवे असतील. त्याला हवे होते तीन हंगामांत दर महिन्याला किती गाठी निघाल्या आणि कोणत्या भावाने गेल्या, एवढंच.

‘ऐतिहासिक’ हा शब्द आपल्या कानाला मोठा वाटतो. किल्ला, लढाई, ठराव असलं काही डोळ्यांपुढे येतं. इंग्रजी हिस्टॉरिकल मात्र अगदी साधा शब्द आहे: मागच्या काळातला, मागच्या काळाशी संबंधित. गेल्या मंगळवारचा भावही हिस्टॉरिकल प्राइस असतो. हिस्टॉरिकला मात्र तोच मान आहे जो आपण ऐतिहासिकला देतो: इतिहासात नोंद व्हावी असा.

कापसातलंच उदाहरण देतो. २०२२ च्या सुरुवातीला आपल्याकडे कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. जुनी माणसंही म्हणाली, असा भाव पाहिला नाही. तो हिस्टॉरिक हाय. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हंगामांतले चढउतार एका तक्त्यात मांडले की तो तक्ता हिस्टॉरिकल प्राइसेसचा. त्या तक्त्यातली एखादीच ओळ हिस्टॉरिक असते.

दुसरं उदाहरण वर्ध्याचं. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ठराव केला, इंग्रजांनी सत्ता सोडावी म्हणून. पुढच्या महिन्यात मुंबईत त्यातूनच ‘छोडो भारत’ उभं राहिलं. तो ठराव हिस्टॉरिक. त्या काळची पत्रं, पावत्या, हजेरीच्या वह्या कुठे जपून ठेवल्या असतील तर ते हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स, मग त्यात काही मोठं लिहिलेलं असो की धोब्याचा हिशेब.

म्हणून मराठीत ‘ऐतिहासिक’ आलं की तिथे ‘मागचा’ हा शब्द घालून पाहा. वाक्य चालत असेल तर हिस्टॉरिकल. ‘मागचा’ घातल्यावर वाक्याची हवाच गेली तर हिस्टॉरिक.

मी ‘वुइ अटॅच अवर हिस्टॉरिक रेट्स’ लिहून पाठवलं. हसले असतील का?

थोडेसे. ‘सोबत आमचे इतिहास घडवणारे दर जोडले आहेत’ असं काहीसं झालं ते. पण घाबरू नका, हिशेबाच्या ब्रिटिश लिखाणात ‘हिस्टॉरिक कॉस्ट’ असंही दिसतं आणि बरेच जण ‘हिस्टॉरिक डेटा’ लिहितात. या जोडीतली भिंत सेन्सिबलच्या जोडीइतकी पक्की नाही. पूर्वी दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जात, फरक हळूहळू बसला. आपण आपलं आकड्यांना हिस्टॉरिकल लिहावं, म्हणजे कोणी बोट ठेवत नाही.

शेवटी ‘अल’ कधी लावायचा याचा एखादा नियम सांगा ना.

नियम नाही. आहे असं सांगणारे क्लासवाले भेटतील, त्यांना या दोन जोड्या शेजारी ठेवून दाखवा.

इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल यांत विषयाशी संबंध दाखवणारा, कोरडा शब्द आखूड आहे: अर्थव्यवस्थेसंबंधी, तो इकॉनॉमिक. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकलमध्ये मात्र विषयाशी संबंध दाखवणारा शब्द लांबडा आहे: इतिहासासंबंधी, तो हिस्टॉरिकल. एका जोडीत लांब शब्द खास, दुसऱ्या जोडीत आखूड शब्द खास. एक जोडी पाठ करून तिच्या वजनावर दुसरी ठरवायला गेलात की उलटं पडणार. म्हणून जोडी-जोडी वेगळीच लक्षात ठेवावी लागते, दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

इकॉनॉमिकली, हिस्टॉरिकली या रूपांमध्येही असाच फरक करायचा का?

तिथे सुटका आहे. दोन्ही शब्दांचं क्रियाविशेषण एकच होतं. इकॉनॉमिक असो की इकॉनॉमिकल, पुढे इकॉनॉमिकलीच. हिस्टॉरिकलीचंही तसंच. म्हणून ‘हिस्टॉरिकली, प्राइसेस फॉल इन जानेवारी’ असं लिहिलंत तर निवड करायची वेळच येत नाही.

पण उलटी चूक पाहिली आहे. प्रकल्प अहवालात ‘इकॉनॉमिक व्हायेबल’ असं लिहिलेलं असतं. व्हायेबल हे स्वतःच विशेषण, त्याला आधार क्रियाविशेषणाचा लागतो, म्हणून इकॉनॉमिकली व्हायेबल.

मेलच्या सुरुवातीला ‘रिस्पेक्टिव्ह सर’ चालेल का?

अजिबात नाही, आणि ही चूक सगळ्यात आधी दिसते कारण ती पहिल्याच ओळीत असते. रिस्पेक्टिव्ह म्हणजे आपापला. कापसाचे पैसे सभासदांच्या रिस्पेक्टिव्ह खात्यांत जमा झाले, म्हणजे ज्याच्या त्याच्या. ‘रिस्पेक्टिव्ह सर’ म्हणजे आपापले साहेब. ‘रिस्पेक्टेबल सर’ही नको, ते ‘बऱ्या घरचे साहेब’ असं वाटतं. आदरणीयसाठी रिस्पेक्टेड. आपल्या सरकारी पत्रांत ते रूढ आहे, बाहेरदेशी मात्र जुनाट वाटतं. व्यापाऱ्याला ‘डिअर सर’ किंवा नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर’ आणि आडनाव, एवढं बस.

याच घरातली आणखी दोन: गुप्त माहितीला कॉन्फिडन्ट नाही, कॉन्फिडेन्शियल. भरघोस सूट कन्सिडरेबल, कन्सिडरेट नाही. कन्सिडरेट म्हणजे दुसऱ्याची काळजी घेणारा, आणि सूट काही कोणाची काळजी घेत नाही.

एखादा पूर्ण मेल दुरुस्त करून दाखवा.

शेजारच्या तालुक्यातल्या एका पोराने पाठवण्याआधी मला दाखवलेला मेल, त्याच्या परवानगीने. माल २०० गाठी रुई, गाठ १७० किलोची, म्हणजे एकूण ३४ टन. त्याच्या मजकुराचा मराठी अर्थ असा: आदरणीय साहेब, २०० गाठी तयार आहेत. या आर्थिक वर्षातले मागचे दर सोबत जोडले आहेत. आमचे सभासद भावाबाबत संवेदनशील आहेत. वाहतूक किफायतशीर व्हावी म्हणून दोन ट्रक एकाच दिवशी लावावेत.

मराठीत एकही शब्द खटकत नाही. इंग्रजीत त्याने लिहिलं होतं: ‘रिस्पेक्टिव्ह सर’, मग ‘हिस्टॉरिक रेट्स ऑफ धिस इकॉनॉमिक इयर’, मग ‘अवर मेंबर्स आर सेन्सिबल अबाउट प्राइस’, शेवटी ‘फॉर इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट’. चार वाक्यांत पाच. आणि मोबाइलने एकाही शब्दाखाली रेघ मारली नव्हती.

आम्ही क्रमाने बसलो. पहिली ओळ ‘डिअर सर’ केली. दर मागचे होते, म्हणून हिस्टॉरिकल. वर्षाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, ऑक्टोबरपासूनचे दर आहेत. म्हणजे ते फायनान्शियल इयरही नव्हतं, ‘करंट कॉटन सीझन’ होतं. चुकीच्या विशेषणामागे चुकीची माहितीच लपली होती. नुसता शब्द बदलून थांबलो असतो तर खरेदीदार एप्रिलपासूनचे दर शोधत बसला असता.

सेन्सिबलचं वाक्य जास्त वेळ खाऊन गेलं. मी म्हटलं, “तुले नेमकं सांगायचं काय आहे?” तो म्हणाला, “भाव अमुक एका रेघेखाली गेला तं सभासद माल देनार नाहीत भाऊ.” मग तेच लिही की. वाक्य झालं: ‘अवर मेंबर्स विल नॉट सेल बिलो धिस प्राइस,’ आणि पुढे आकडा. विशेषणच गळालं. शेवटचं वाक्य ‘टू कीप ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिकल, प्लीज प्लेस बोथ ट्रक्स ऑन द सेम डे’ असं केलं.

चुकीचा शब्द गेलाच, तर माफीचा मेल पाठवायचा का?

अर्थ बदलत नसेल तर नाही. ‘हिस्टॉरिक डेटा’ लिहिलं म्हणून दुसरा मेल पाठवला तर पहिल्यात ज्याच्या लक्षात आलं नव्हतं त्याच्याही लक्षात येतं.

भाव, कपात, तारीख, होकार यांपैकी कशाचाही अर्थ फिरत असेल तर मात्र त्याच दिवशी, त्याच मेलवर उत्तर देऊन दुरुस्ती करा. व्याकरणाचा खुलासा नको. शब्द कसा चुकला हे न सांगता हवी ती गोष्ट नव्याने, विशेषणाशिवाय लिहा: दुपारी दुसरं रीडिंग झाल्याशिवाय कपात मान्य नाही. आमची ६० क्विंटलची गाडी निघाली तेव्हा मेल जाऊन तीन तास झाले होते, आणि एवढी एक ओळ लिहायला मला तेवढा वेळ पुरला असता.